शस्त्रक्रियेनंतर सहकाऱ्याला पाठवायचा निरोप

शस्त्रक्रिया झालेल्या सहकाऱ्याला पाठवायचा निरोप लहानच असावा, कारण त्या दिवसांत वाचणाऱ्याच्या अंगात फारसे त्राण नसते. पित्ताशयातल्या खड्यांसाठी दुर्बिणीतून होणारे ऑपरेशन घ्या. त्यासाठी पोटात कार्बन डायऑक्साइड भरून पोट फुगवतात. थोडा वायू मागे राहतो, त्यामुळे पुढचे एक-दोन दिवस अनेकांचा खांदा दुखतो, आणि हसले-खोकले की टाके ओढल्यासारखे होतात. पहिल्या दिवशी भुलीची गुंगीही असते. म्हणून निरोप दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवशी पोचलेला बरा. पोट धरून हसवणारे विनोद मात्र टाके सुकेपर्यंत नकोत.

अंथरुणावर पडल्या पडल्या नोकरदार माणसाच्या डोक्यात अर्धवट राहिलेले काम घोळत असते. निरोपाने ती काळजी उतरवली, तर तो खरा उपयोगाचा. लेखा विभागातल्या एखाद्या ज्येष्ठ सहकारी बाईंना असे लिहिता येईल:

‘नमस्कार ताई, ऑपरेशन नीट पार पडल्याचं कळलं, फार बरं वाटलं 🌼 महिनाअखेरची बिलं आम्ही दोघं मिळून करतोय, गुरुवारपर्यंत होतील. तुमच्या टेबलावरच्या फायली जिथल्या तिथे आहेत. निवांत विश्रांती घ्या. उत्तर लिहायची तसदी घेऊ नका 🙂’

यात एकही प्रश्न नाही, हे महत्त्वाचे. ‘नक्की काय झालं होतं?’, ‘कधी रुजू होणार?’ असे विचारले की उत्तर देणे भाग पडते. दुसरा प्रश्न साहेबांकडून आला तर तो तगादाच वाटतो. बिलांचा उल्लेखही ती खरोखर होणार असतील तरच करावा. ‘काही लागलं तर सांगा’ यापेक्षा ‘शनिवारी डबा पाठवू का, घरच्यांना विचारून ठेवतो’ हे बरे, कारण त्याचे उत्तर घरचे देऊ शकतात.

इमोजी दोन पुरेत, आणि तेही वाक्य संपल्यावर. फूल आणि साधे स्मित कुठेही खटकत नाही. 💪 मात्र टाळावे. ज्याला काही आठवडे जड वस्तू उचलायची मनाई आहे, त्याला फुगवलेला दंड कशाला दाखवायचा? सुई आणि तापमापक तर तो समोरच पाहत असतो. 🙏 हे चिन्ह 2010 साली युनिकोडमध्ये आले आणि आपल्याकडे नमस्कार म्हणून रुळले. पण मराठी व्हॉट्सअॅप ग्रुपवर 💐 आणि 🙏 ही जोडी श्रद्धांजलीच्या संदेशाखालीही सर्रास दिसते, त्यामुळे आजाऱ्याला ती जोडीने पाठवू नये.

निरोप ऑफिसच्या ग्रुपवर न टाकता थेट त्या व्यक्तीला पाठवावा. ऑपरेशन कशाचे होते, हे चार लोकांना सांगायचे की नाही ते तिचे तिने ठरवायचे असते.