चार मिनिटांत किती फोटो?

स्लाइडशोसाठी गाणं आधी ठरवा, फोटो मागून. आजोबांच्या सहस्रचंद्रदर्शनाला गदिमांचं गीत शोभेल. समजा, गाणं २४० सेकंदांचं आहे आणि प्रत्येक फोटो ५ सेकंद ठेवलाय. एक फोटो विरत दुसरा उमटताना १ सेकंद दोघांत सामायिक जातो, म्हणून हिशेब ४ सेकंदांचा. बसतात ६० फोटो. सरळ भागाकार करून ४८च घेतलेत, तर शेवटचं पाऊण मिनिट पडदा काळा.

क्रम वर्षांनुसार लावा. मात्र माहुलीच्या संगमावरचा सगळ्या घराचा फोटो ८ सेकंद राहू द्या, जो तो आधी स्वतःला शोधतो! त्यासाठी एखादा सुटा फोटो गाळा. गरगरणारी ट्रान्झिशन्स तेवढी टाळा.