आटपाडीतल्या फ्रिजला फुटणारा घाम

कोकणात पावसाळ्यात फ्रिज बाहेरून ओला झाला, तर कुणी त्याकडे ढुंकूनही बघत नाही. तिथे भिंती ओल्या, कपडे ओले, मिठाच्या बरणीतही पाणी. आटपाडीत मात्र तसं झालं की घर काळजीत पडतं. माणदेश हा सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतला दुष्काळी मुलूख, इथली हवा वर्षातले बरेच महिने कोरडी. जुलैत पाऊस हुलकावणी देतो आणि नुसता वारा सुटतो. त्या वाऱ्यात फ्रिज कोरडा ठणठणीत असतो. मग सप्टेंबरात परतीचा पाऊस येतो, वारा पडतो, रात्री हवा कोंदट होते आणि एका सकाळी फ्रिजच्या वरच्या दारावर मोत्यासारखे थेंब दिसतात. लगेच निदान होतं, ‘गॅस गेला असणार!’

गॅसचा संशय यावा हे स्वाभाविक आहे, पण तर्क उलटा आहे. गॅस कमी झालेला फ्रिज आतून नीट गार होत नाही आणि जो गार होत नाही त्याला बाहेरून घाम येण्याचं कारणही उरत नाही. शिवाय हा वायू बाहेर पडला तरी त्याचं पाणी होत नाही. दारावरचं पाणी फ्रिजमधून आलेलंच नसतं, ते स्वयंपाकघराच्या हवेतलं असतं.

ते किती असतं हे पाहण्यासारखं आहे. दहा फूट लांब, रुंद आणि उंच अशी खोली धरा. सप्टेंबरातल्या रात्री तापमान २५ अंश आणि आर्द्रता ९० टक्के असेल, तर त्या खोलीच्या हवेत अर्ध्या लिटरहून जास्त पाणी वाफेच्या रूपात तरंगत असतं. मे महिन्यात ४० अंशांच्या दुपारी आर्द्रता २० टक्क्यांवर उतरली, की त्याच खोलीत साधारण त्याच्या निम्मंच पाणी असतं. उन्हाळ्यात फ्रिज जास्त राबतो, तरी त्याला थेंब येत नाहीत, ते यामुळे. प्रश्न उकाड्याचा नाही, हवेत वाफ किती आहे याचा आहे.

अशी हवा गार करत नेली, की एका ठरावीक तापमानाला तिच्यातली वाफ सुटून पाणी होऊ लागते. त्याला दवबिंदू म्हणतात. मे महिन्यातल्या त्या दुपारचा दवबिंदू येतो सुमारे १३ अंश. फ्रिजचा बाहेरचा पत्रा तेव्हा ३७-३८ अंशांवर असतो, म्हणजे थेंब धरायला कितीतरी दूर. सप्टेंबरातल्या त्या रात्रीचा दवबिंदू मात्र सुमारे २३ अंश, म्हणजे खोलीच्या तापमानापेक्षा जेमतेम दोन अंश खाली. पत्रा एवढाच गार झाला तरी थेंब सुरू.

पत्रा तेवढा गार होतो का? फ्रिजच्या भिंतीत चार सेंटीमीटरच्या आसपास फोम असतो आणि तो बहुतेक थंडी अडवतो, पण सगळी नाही. दोन दारांचा फ्रिज घेऊ. खालच्या कप्प्यात ४ अंश, बाहेर २५. हिशेब केला तर दाराचा पत्रा खोलीपेक्षा सव्वा अंशाने गार राहतो, म्हणजे पावणेचोवीसच्या आसपास. दवबिंदूच्या जरासा वर, म्हणून कोरडा. वरच्या फ्रीझरमध्ये मात्र उणे १८. तिथला पत्रा अडीच अंशांहून थोडा जास्त गार होतो आणि साडेबावीसच्या खाली जातो. म्हणून ओला. त्यामुळे एकाच फ्रिजचं वरचं दार घामेजलेलं आणि खालचं कोरडं दिसलं, तर तो बिघाड नाही. फोमची जाडी आणि हवेची हालचाल यांवर आकडे थोडे मागेपुढे होतील, पण हा खेळ अर्ध्या-पाऊण अंशाचा आहे, हे लक्षात घ्यावं.

याची खात्री घरच्या घरी करता येते. स्टीलच्या कोरड्या, चकचकीत पेल्यात साधं पाणी घ्या, त्यात शाळेच्या प्रयोगशाळेत असतो तसा थर्मामीटर ठेवा. तापाचा चालत नाही, त्याची मोजणीच ३५ अंशांपुढे सुरू होते. मग फ्रिजमधलं पाणी चमच्याचमच्याने घालत ढवळत राहा. पेल्याची चकाकी ज्या क्षणी धुरकट होईल, तेव्हाचा आकडा म्हणजे तुमच्या स्वयंपाकघराचा त्या वेळचा दवबिंदू. तो २२-२३ अंशांच्या घरात आला, तर मेकॅनिकला बोलावण्याआधी पंखा लावून पाहा. पंख्याने पत्र्यावरून हवा फिरती राहते आणि पत्रा खोलीच्या तापमानाच्या जवळ येतो. वरच्या उदाहरणात तेवढ्याने तो २४ अंशांच्या आसपास पोचतो आणि थेंब वाळतात. जुलैतला वारा हेच काम फुकट करत असतो.

आता आपल्याकडच्या एका हौसेबद्दल. फ्रिजवर प्लॅस्टिकचं फुलाफुलांचं कव्हर, त्याला खिसे, खिशात विजेची बिलं आणि औषधाच्या चिठ्ठ्या. या कव्हरने खोलीची ऊब पत्र्यापर्यंत पोचत नाही, म्हणून आतला पत्रा आणखी गार होतो. वाफ मात्र कडेने आत शिरतेच. परिणामी थेंब कव्हरच्या खाली धरतात, दिसत नाहीत, वाळत नाहीत आणि दोन-तीन पावसाळ्यांत तिथे गंज चढतो. भिंतीला घासून ठेवलेल्या फ्रिजच्या बाजूचंही असंच. चारी अंगांनी चार बोटं मोकळी सोडावीत. कव्हर निदान परतीच्या पावसात तरी काढून ठेवावं.

खरा बिघाड ओळखायचा तर थेंब कुठे आहेत ते बघा. दाराच्या कडेलाच, रबराला लागून थेंब असतील, तर संशय रबरावर. दहाची नोट दारात अडकवून दार लावा आणि ओढा. सहज निघाली तर त्या जागी रबर बसत नाही. सगळीकडे फिरून अशी तपासणी करा. बऱ्याचदा रबराच्या घडीत साय, साखर, पिठाचा चिकटा बसलेला असतो. कोमट साबणपाण्याने पुसलं की काम होतं. रबर ताठरलं असेल तर बदलावं. ते सैल असलं की ओली हवा आतही शिरते, म्हणून फ्रीझरमध्ये भराभर बर्फ साचणं ही त्याची जोडखूण.

बऱ्याच फ्रिजमध्ये दाराच्या चौकटीच्या आतून कॉम्प्रेसरकडची गरम नळी फिरवलेली असते, ती चौकटीवर थेंब धरू नयेत म्हणूनच. चौकट किंवा बाजूचा पत्रा कोमट लागला तर घाबरू नये. उलट कॉम्प्रेसर तासन्‌तास न थांबता चालू आहे, चौकट गारच आहे आणि आत दूधही नीट गार होत नाही, अशा वेळी गॅसची शंका रास्त ठरते.

तिसरी खूण थोडी दुर्मीळ, पण महागात जाणारी. हवा कोरडी, बाकी फ्रिज कोरडा आणि तळहाताएवढा एकच डाग रोज ओला होतो, हात लावला तर आजूबाजूपेक्षा स्पष्ट गार लागतो. तिथला फोम ओला झालेला असतो किंवा पत्र्यापासून सुटलेला असतो. पाणी प्यायलेला फोम वाळत नाही आणि गॅस भरून तो सुधारतही नाही. फ्रिज जुना असेल तर त्यावर खर्च करू नये, एवढंच माझं मत. आणि पाणी दारावर नसून फ्रिजखाली फरशीवर साचत असेल, तर त्याचा दवाशी बहुधा संबंध नसतो. आतलं पाणी मागच्या ट्रेमध्ये नेणारं भोक तुंबलेलं असतं. ते मऊ तारेने आणि कोमट पाण्याने मोकळं होतं, पण त्याआधी प्लग काढावा.