पुनर्लेखनाआधी सगळे सीन जमिनीवर मांडा

पटकथेचा पहिला ड्राफ्ट वाचून मित्र सांगतात, "मध्यंतरानंतर जरा रेंगाळते." लेखक मध्यंतरानंतरची पानं उघडतो, संवाद छाटतो, दोन सीन उडवतो. तरीही पुढचा वाचक तेच म्हणतो. रेंगाळणं जिथे जाणवतं तिथेच दोष असतो असं नाही. तो बराच आधीही असू शकतो. फाइलमध्ये एका वेळी पान-दोन पानंच समोर असतात, त्यामुळे तो सापडत नाही. म्हणून पुनर्लेखनाला हात घालण्याआधी प्रत्येक सीनचं एक कार्ड करून सगळी कार्डं जमिनीवर मांडावीत.

कार्डांची पद्धत जुनी आहे. डेव्हिड लिंच ती फ्रँक डॅनियल या शिक्षकांकडून शिकले: सत्तर सीनची सत्तर कार्डं. पण तिथे कार्डं लिहिण्याआधी केली जातात. आपण बोलतोय ते लिहून झालेल्या ड्राफ्टबद्दल, आणि इथे एक पथ्य पाळावंच लागतं. कार्ड आठवणीतून करायचं नाही, पानावरून करायचं. आठवणीत आपल्याला काय लिहायचं होतं तेच असतं.

तीन बाय पाच इंचांचं कार्ड पुरतं. वर सीनचा क्रमांक आणि जागा, मध्ये कोणाला काय हवंय, आणि खाली एकच ओळ: सीन संपताना काय बदललं. ही खालची ओळ सगळ्यात महत्त्वाची. ती सुचली नाही तर रिकामी सोडावी, ओढूनताणून भरू नये.

समजा, एक पटकथा आहे. वडील गेल्यावर सुनंदाला सातबाऱ्यावर आपलं नावच दिसत नाही. तिच्या नावाचं हक्कसोडपत्र भावाने परस्पर नोंदवलंय. एकूण ६२ सीन. सीन १२ मध्ये तिला हे कळतं. १९, २३ आणि २८ मध्ये ती तलाठी, तहसील आणि वकील यांच्याकडे खेटे घालते. ३३ मध्ये वहिनी दिवाळीचा फराळ घेऊन येते आणि दोघी मनमोकळं बोलतात. ४१ मध्ये दस्ताची नक्कल हाती येते. त्यावरचा फोटो सुनंदाचा नाहीच. निबंधकासमोर तिच्या नावाने वहिनी उभी राहिली होती.

आता कार्डांकडे पाहा. खेट्यांच्या तिन्ही कार्डांवर खालची ओळ जवळपास सारखीच आहे: 'काम झालं नाही.' १९ आणि २३ची अदलाबदल करून बघा, कुठेच काही अडत नाही. ही कसोटी मला सगळ्यात खात्रीची वाटते. शेजारची दोन कार्डं विनातक्रार जागा बदलत असतील, तर त्यांच्यात 'म्हणून' किंवा 'पण' नाही, नुसतं 'आणि मग' आहे. अशी तीन-चार कार्डं पसरून आली की कथा थांबते. इथे तिघांचा एकच सीन होऊ शकतो.

पुढची हालचाल मोठी. ४१चं कार्ड उचलून ३० वर, मध्यंतराच्या जागी ठेवा. लगेच फराळाचं कार्ड बदलतं. त्यातला एक शब्दही न हलवता आता सुनंदाला सत्य माहीत आहे आणि वहिनीला ते ठाऊक नाही. गोड सीनमध्ये ताण आला. संगणकावर कापून चिकटवतानाही हे करता येतं, पण तिथे पूर्वीचे आणि नंतरचे सीन एकत्र नजरेसमोर नसतात.

हलवण्याची किंमतही जमिनीवरच दिसते. ४१ची जागा रिकामी झाली आणि पुढच्या वीसेक कार्डांत कथेला वळण देणारं काही उरलं नाही. म्हणजे खरा दोष हा: फोटो पाहिल्यानंतर सुनंदाला काय हवंय, हे लेखकाने ठरवलेलंच नाही. जमीन, की वहिनीच्या तोंडून कबुली? 'मध्यंतरानंतर रेंगाळते' ही तक्रार तिथून येत होती. संवाद छाटून ती कधीच गेली नसती.

प्रत्येक हालचालीनंतर आणखी एक तपासणी करावी लागते: कोणाला काय कधी कळलं. जुन्या ३६ मध्ये सुनंदा वहिनीवर विश्वासाने दागिने सोपवत असेल, तर नव्या क्रमात ते खोटं ठरतं. अशा कार्डावर लाल खूण करून पुढे जावं, तिथल्या तिथे लिहायला बसू नये.

कार्डांवरून सगळं कळत नाही. संवाद कृत्रिम आहे का, शांत सीन प्रेक्षकाला धरून ठेवतो का, हे पानावरच समजतं. खालची ओळ रिकामी राहिलेला प्रत्येक सीन कापायचाही नसतो. एखादा दम घ्यायला असतो. पण सलग तीन ओळी रिकाम्या असल्या तर शंका घ्या.

हलवाहलव सुरू करण्याआधी मूळ मांडणीचा फोटो काढून ठेवा आणि कार्डांवरचे जुने क्रमांक खोडू नका. नवा क्रम एखादा दिवस तसाच राहू द्या, दुसऱ्या माणसाला कार्डांवरून गोष्ट सांगा, आणि तो 'मग पुढे?' असं कुठे विचारत नाही तिथे थांबा. फाइल त्यानंतरच उघडा.