स्कॅन केल्याने पैसे येत का नाहीत? क्यूआर कोड आणि पेमेंटचा स्क्रीन समजून घेऊया



भाजीवाल्या मावशींच्या गाडीवर क्यूआर कोडचं कार्ड लटकलेलं असतं. तिथे स्कॅन कोण करतं? आपण. आणि पैसे कोणाला मिळतात? मावशींना. मावशींनी फक्त कार्ड लावलेलं असतं, त्या कधीच स्कॅन करत नाहीत. एवढी एक गोष्ट मुलांच्या लक्षात आली तरी आजचा अर्धा पाठ झाला. ज्याला पैसे हवेत तो कोड दाखवतो, ज्याला द्यायचेत तो स्कॅन करतो.

असं का, हे समजायला कोडच्या आत काय असतं ते पाहू. त्या काळ्या-पांढऱ्या चौकोनांत पैसे नसतात, फक्त एक ओळ लिहिलेली असते. नमुना पाहा :

```
upi://pay?pa=abc@bank&pn=ABC&am=3000&cu=INR&tn=Receive
```

सुरुवातीलाच `pay` आहे, म्हणजे 'पैसे द्या'. `pa` म्हणजे पैसे घेणाऱ्याचा यूपीआय पत्ता, `pn` म्हणजे त्याचं नाव, `am` म्हणजे रक्कम आणि `tn` म्हणजे सोबतची टीप. आपण स्कॅन करतो तेव्हा आपलं अ‍ॅप ही ओळ वाचतं आणि पैसे पाठवण्याचा फॉर्म आपल्यासाठी भरून ठेवतं. पत्ता हाताने टाइप करण्याचे कष्ट वाचतात, इतकंच. या ओळीत आपल्या खात्याचा उल्लेखच नाही, मग त्यात पैसे येणार कसे?

आता फसवणूक कशी होते ते एका उदाहरणाने पाहू. समजा, तुम्ही मुलाची जुनी सायकल 3,000 रुपयांना विकायची जाहिरात ऑनलाइन टाकली. लगेच फोन येतो, "सायकल पसंत आहे, घासाघीस नको. पैसे आत्ताच पाठवतो." मग व्हॉट्सअ‍ॅपवर एक क्यूआर कोड येतो. "हा स्कॅन करा, पिन टाका, 3,000 जमा होतील." कोडच्या चित्रावर 'Receive ₹3000' असं छापलेलंही असतं.

ते अक्षर चित्रावर कोणीही लिहू शकतं. टीपही कोड बनवणाराच लिहितो, त्यामुळे वरच्या ओळीप्रमाणे `tn` मध्ये 'Receive' लिहिलं की तो शब्द तुमच्या अ‍ॅपमध्येही दिसू शकतो. काही जण आधी 5 रुपयांची 'चाचणी' करायला लावतात आणि 10 रुपये परत पाठवतात. आपल्याला वाटतं, स्कॅन केल्यामुळे आले. खरं तर आपले 5 गेले आणि त्याने त्याच्या फोनवरून वेगळे 10 पाठवले. विश्वास बसला की मोठ्या रकमेचा कोड येतो.

पण इथे स्क्रीन आपल्या मदतीला येतो. स्कॅन केल्यावर घाई न करता तीन जागी बोट ठेवून वाचा.

पहिली जागा : बटण. त्यावर `Pay` किंवा 'पैसे द्या' अशा अर्थाचा शब्द असतो. येणाऱ्या पैशांसाठी असं बटण दाबावं लागत नाही.

दुसरी जागा : नाव. समोर दुसऱ्याचं नाव आहे का? मग पैसे त्याच्याकडे निघालेत. बँकेत नोंदवलेलं नावही तिथे दिसतं, ते जरूर वाचा.

तिसरी जागा : पिनचं पान. वर `To` पुढे घेणाऱ्याचं नाव आणि रक्कम, आणि खाली पिनचे रकाने. हे तिन्ही एकत्र दिसले, की तो तुमच्या खात्यातून पैसे काढायची परवानगी मागतोय. शिल्लक पाहतानाही पिन लागतो, पण तिथे घेणाऱ्याचं नाव आणि रक्कम नसते. फरक इथेच आहे.

एक सावधगिरी मात्र बाळगा. 'पिन टाकला नाही म्हणजे पैसे जाणार नाहीत' असं धरून चालू नका. यूपीआय लाइट चालू असेल, तर छोट्या रकमा पिनशिवायच जातात. म्हणून थांबायचं ते बटणापाशीच.

मुलं एक चांगला प्रश्न विचारतात, "सर, एटीएमवर कोड स्कॅन करून नोटा मिळतात की!" मिळतात, पण त्या आपल्याच खात्यातून वजा होतात. म्हणजे तिथेही स्कॅन केल्यावर खात्यातून पैसे गेलेच.

खरोखर पैसे येतात तेव्हा आपल्याला काहीच करायचं नसतं. समोरच्याला आपला यूपीआय पत्ता द्यायचा किंवा आपला कोड दाखवायचा. त्याने पैसे पाठवले की फोन खिशात असला तरी जमा होतात. जमा झाले का, हे समोरच्याने पाठवलेल्या मेसेजवर नव्हे, तर आपल्या खात्यातली शिल्लक पाहून ठरवायचं.

तरीही पैसे गेलेच, तर वेळ न घालवता 1930 या क्रमांकावर फोन करा किंवा `cybercrime.gov.in` वर तक्रार नोंदवा, आणि आपल्या बँकेलाही कळवा. पैसे पुढच्या खात्यांत पसरण्याआधी तक्रार पोहोचली, तरच ते अडवता येण्याची शक्यता असते.

वर्गात हे शिकवताना पुठ्ठ्यावर पेमेंटचा स्क्रीन काढा आणि मुलांना एकच प्रश्न विचारा : "यात पैसे कोणाकडे चाललेत?" घरी जाऊन तोच प्रश्न आजी-आजोबांना विचारायला सांगा.