निःशब्दतेच्या आधारे ध्वनिफितीचे विभाजन व नामकरण

लोकसाहित्याच्या अभ्यासकाकडे येणारी जुनी ध्वनिफीत बहुधा एकसंध असते. अर्ध्या तासाची एक बाजू संगणकावर उतरविली म्हणजे एकच लांबलचक धारिका हाती येते. तिच्यात सहा भजने असोत की वीस झडत्या असोत, त्यांतील एकीचाही स्वतंत्र उल्लेख करता येत नाही. म्हणून तिचे खंड पाडावे लागतात. दोन रचनांमधील निःशब्द जागा संगणकाकडून शोधून घेणे हा त्याचा रूढ मार्ग होय. हा मार्ग कोठवर विश्वसनीय आहे आणि कोठे तो सोडून द्यावा लागतो, याचा विचार एका कल्पित परंतु नमुनेदार उदाहरणाच्या साहाय्याने येथे करावयाचा आहे.

वर्धा जिल्ह्यातील सिंदी (रेल्वे) हे गाव नागपूर-वर्धा लोहमार्गावर आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी भरणारा तेथील तान्हा पोळा विदर्भात प्रसिद्ध आहे. अशा गावाहून आलेली साठ मिनिटांची एक फीत आपण घेऊ. तिच्या पहिल्या बाजूस घरात बसून म्हटलेली सहा खंजिरी भजने आहेत आणि दुसऱ्या बाजूस पोळ्याच्या गर्दीत म्हटलेल्या झडत्या आहेत, असे समजू.

पहिल्या बाजूसाठी ffmpeg या आज्ञावलीतील silencedetect ही चाळणी पुरेशी आहे. तिला दोन गोष्टी सांगाव्या लागतात. कोणत्या पातळीखालील ध्वनीस निःशब्दता म्हणावयाचे, ही पहिली. आणि ती किमान किती सेकंद टिकली पाहिजे, ही दुसरी. आपण काहीच न सांगितल्यास ती उणे 60 डेसिबल व 2 सेकंद ही मूल्ये धरते. फितीवर ही मूल्ये बहुधा निरुपयोगी ठरतात, कारण फितीचा स्वतःचा खरखराट त्या पातळीच्या वर असतो आणि संगणकाला एकही निःशब्द जागा सापडत नाही. यास्तव प्रथम दोन भजनांमधील एखादी मोकळी जागा निवडून तेथील खरखराटाची कमाल पातळी मोजावी. आपल्या फितीत ती उणे 44 भरली आणि गायनातील अगदी हळू भाग उणे 30 च्या आसपास आढळला, तर मर्यादा या दोहोंच्या मध्ये, परंतु खरखराटाच्या जवळ, म्हणजे उणे 40 वर ठेवावी.

```
ffmpeg -i A.wav -af silencedetect=noise=-40dB:d=1.5 -f null -
```

या आज्ञेने कोणतीही नवी धारिका निर्माण होत नाही; प्रत्येक निःशब्द जागेचा आरंभ, शेवट व कालावधी एवढेच पडद्यावर उमटते. सहा भजनांमध्ये पाच जागा अपेक्षित असताना आपणास नऊ मिळाल्या, असे समजा. त्यांतील दोन फितीच्या आरंभीच्या व अखेरच्या कोऱ्या भागाच्या आहेत. एक 1.7 सेकंदांची जागा चौथ्या भजनाच्या पोटात आहे. आलाप संपल्यावर खंजिरी सुरू होण्यापूर्वी गायक तेथे थांबला आहे. उरलेल्या सहांपैकी दोन जागा एकमेकींस लागून असून त्या 1.9 व 1.6 सेकंदांच्या आहेत. त्या वस्तुतः एकाच जागेचे दोन तुकडे होत. ही चाळणी ध्वनीची सरासरी घेत नाही, तर प्रत्येक नमुना स्वतंत्रपणे पाहते. म्हणून फितीवरील एका क्षणिक टचक्यानेही निःशब्दता तिच्या लेखी खंडित होते.

येथे किमान कालावधी वाढवून 2.5 सेकंद करण्याचा मोह होतो. तसे केल्यास चौथ्या भजनातील खोटी जागा गळते हे खरे. परंतु टचक्याने दुभंगलेली खरी जागाही तिच्याबरोबर गळते आणि दोन भजने एकत्र चिकटतात. अधिक जागा सापडलेल्या बऱ्या, कारण जादा जागा ऐकून रद्द करता येते. न सापडलेली जागा मात्र यादीत दिसतच नाही. तात्पर्य, संगणकाने दिलेली यादी हा केवळ प्रस्ताव मानावा आणि निर्णय कानाने करावा.

छेद नेमका कोठे घ्यावा, हाही प्रश्न आहे. निःशब्दतेच्या आरंभीच कापल्यास झांजेचा विरत जाणारा नाद तुटतो, कारण मर्यादेखाली गेलेला नाद कानास त्यानंतरही काही काळ ऐकू येतो. म्हणून पुढील भजनाच्या सुमारे अर्धा सेकंद आधी छेद घ्यावा. पहिली जागा 309.1 ते 312.9 सेकंद असेल, तर छेद 312.4 वर येईल आणि मधला बहुतेक सर्व अवकाश पहिल्या भजनाकडे राहील.

```
ffmpeg -i A.wav -ss 312.4 -to 598.1 -c:a pcm_s24le 02.wav
```

मूळ प्रत 24 बिटांची असेल तर pcm_s24le हे स्पष्ट लिहावे. अन्यथा नवी धारिका मुकाट्याने 16 बिटांची होते. काहीही वगळले नाही याची खात्री म्हणून सर्व खंडांच्या कालावधींची बेरीज मूळ बाजूच्या कालावधीशी ताडून पाहावी. मूळ धारिका अर्थातच अस्पर्शित ठेवावी.

दुसऱ्या बाजूस ही पद्धत कोलमडते, आणि त्याचे कारण झडतीच्या स्वरूपातच आहे. झडती संपते ती शांततेने नव्हे, तर जमावाच्या महादेवाच्या गजराने. म्हणजे जेथे सीमा आहे तेथे ध्वनी सर्वांत मोठा असतो. आणि दोन झडत्यांमधील काळ गर्दीच्या कोलाहलाने भरलेला असतो. मर्यादा वाढवीत उणे 20 पर्यंत नेली, तर सापडतात त्या म्हणणाऱ्याच्या चरणान्तीच्या श्वासाच्या जागा. अशा वेळी ऑडॅसिटीसारख्या आज्ञावलीत ऐकत ऐकत हाताने खुणा कराव्यात. खंडाचा आरंभ म्हणणाऱ्याच्या पहिल्या शब्दाच्या किंचित आधी आणि शेवट गजर ओसरल्यावर धरावा. गजर हा झडतीचाच अवयव आहे. तो कापून टाकल्यास संहिता उरेल, परंतु प्रयोग हरवेल. या खुणांची यादी आरंभ, शेवट व नाव अशा साध्या मजकुराच्या रूपात बाहेर काढता येते. ती मूळ ध्वनीसोबत जपल्यास दुसरा अभ्यासक आपला निर्णय तपासू शकतो.

आता नामकरण. नुसते ‘सिंदी’ असे लिहिणे पुरेसे नाही, कारण त्याच जिल्ह्यात वर्धा शहरालगत सिंदी (मेघे) हेही गाव आहे. कंसातील शब्द येथे गावाच्या ओळखीचा भाग आहे. तथापि धारिकेच्या नावात कंस व मोकळी जागा आज्ञा देताना अडचण करतात. म्हणून धारिकेस `sindi-railway_B_07.wav` असे साधे नाव द्यावे आणि गावाचे पूर्ण नाव, शीर्षक व तपशील देवनागरीत सोबतच्या तक्त्यात लिहावेत. क्रमांक दोन अंकी असावा. अन्यथा नुसत्या अक्षरक्रमाने लावताना 10 हा 2 च्या आधी येतो.

झडतीस स्वतःचे शीर्षक नसते. म्हणून तिचे आरंभीचे शब्द हेच शीर्षक मानावे आणि ते जसे ऐकू आले तसेच लिहावे. प्रमाण मराठीत ‘सुधारून’ घेऊ नये. लिपीचीही एक सूक्ष्म अडचण लक्षात ठेवावी. ‘वऱ्हाडी’ या शब्दातील ऱ युनिकोडमध्ये एका चिन्हाने लिहिता येतो, तसाच र आणि नुक्ता अशा दोन चिन्हांनीही. डोळ्यास दोन्ही सारखेच दिसतात, परंतु संगणकाच्या शोधात एक रूप दिल्यास दुसरे सापडेलच असे नाही. तक्ता पूर्ण झाल्यावर सर्व मजकूर एनएफसी या एकाच प्रमाणित रूपात आणावा. असे केल्यानंतरच एका फितीतील सातवी झडती प्रबंधात निःसंदिग्धपणे उद्धृत करता येईल.