मंगळावरचे किरण आणि उशाजवळचा फोन

‘आज रात्री साडेबारा ते साडेतीन मंगळावरून कॉस्मिक किरण येणार. फोन बंद ठेवा, सगळ्यांना पाठवा.’ मेसेजमध्ये नुसता एवढाच मजकूर, पुढेमागे काही नाही. आधी तारीख शोधा. ती नसतेच, म्हणून ही ‘आजची रात्र’ वर्षानुवर्षं उगवते. वैश्विक किरण मात्र खरे आहेत. व्हिक्टर हेस यांनी १९१२ मध्ये बलूनमधून उंच जाऊन ते शोधले. ते मंगळावरून नव्हे, तर बहुतांशी सूर्यमालेबाहेरून येतात, तेही अखंड. वातावरणावर आदळल्यावर त्यांच्यापासून म्युऑन नावाचे कण तयार होतात आणि आपल्या तळहातातून मिनिटाला शंभरेक आरपार जातात, भरदिवसासुद्धा. फोन बंद केल्याने त्यातला एकही कमी होत नाही. मेसेज पाठवणाऱ्या काकांना हे जरूर सांगा, फक्त तो पुढे पाठवू नका.