एक रुपयाचा शेअर, पंचाहत्तर रुपयांचा प्रीमियम

जुलै २०२१ मध्ये झोमॅटोचा आयपीओ आला. शेअरचं दर्शनी मूल्य होतं १ रुपया आणि लोकांनी तो घेतला ७६ रुपयांना. वरचे ७५ रुपये म्हणजे प्रीमियम. नव्या शेअर्समधून कंपनीने ९,००० कोटी रुपये उभे केले. ७६ ने भागलं की सुमारे ११८ कोटी शेअर होतात. म्हणून या विक्रीतले जेमतेम ११८ कोटी रुपये भागभांडवलात जमा झाले आणि उरलेले सुमारे ८,८८२ कोटी सिक्युरिटीज प्रीमियमच्या खात्यात.

पैसा एकाच वेळी, एकाच बँकेत आला, मग खाती दोन कशाला? कारण भागभांडवल हा एका अर्थी शेअर्सचा हिशेब आहे. कोणी सुरुवातीला एक रुपयात शेअर घेतलेला असतो, कोणी नंतर ७६ रुपयांत. मत मात्र दोघांना प्रत्येक शेअरमागे सारखंच आणि लाभांशही सारखाच. प्रीमियम भांडवलात मिसळला असता, तर ही बरोबरी त्या आकड्यात दिसली नसती.

दुसरं कारण कायद्याचं. कंपनी कायदा २०१३ चं कलम ५२ हा पैसा वेगळ्या खात्यात ठेवायला सांगतं आणि तो कशासाठी वापरायचा तेही ठरवून देतं. त्यातून बोनस शेअर देता येतात, शेअर्सची पुनर्खरेदी करता येते, शेअर विक्रीचा खर्च वजा करता येतो. अशी आणखी थोडीच कामं. लाभांश मात्र वाटता येत नाही. ते योग्यच आहे, कारण हा धंद्यात कमावलेला नफा नाही, भागधारकांनीच आणून दिलेला पैसा आहे. यादीबाहेरच्या कामासाठी, उदाहरणार्थ जुना तोटा पुसून टाकायला, तो वापरायचा तर भांडवल कमी करण्याचीच लांबलचक प्रक्रिया आणि कंपनी न्यायाधिकरणाची मंजुरी लागते.

प्रीमियमची रक्कम भांडवल विकल्याच्या दिवशीच ठरते. पुढे बाजारात भाव दुप्पट झाला किंवा निम्म्यावर आला, तरी ताळेबंदातला आकडा हलत नाही. त्याच आयपीओत इन्फो एजने आपले ३७५ कोटींचे जुने शेअरही विकले. तो पैसा थेट इन्फो एजला गेला. झोमॅटोच्या ताळेबंदात त्यातला एक रुपयाही आला नाही.

घोटाळा होतो तो ताळेबंद वाचताना. आजकाल प्रीमियम ‘इतर इक्विटी’ या मथळ्याखाली जातो आणि तिथेच साठलेला नफा किंवा तोटाही असतो. बेरीज भरघोस दिसली की कंपनी खूप कमावते असं वाटतं. आयपीओच्या वेळी झोमॅटो तोट्यात होती, तरीही ही बेरीज मोठी होती. तेव्हा वार्षिक अहवालातली ‘इतर इक्विटी’ची टीप उघडा आणि लोकांनी दिलेले किती, कंपनीने कमावलेले किती, हे दोन आकडे वेगळे करून पाहा.